दोन महिने थकलेलं बिल: कुठल्या पत्रात किती कडक व्हायचं?

शाईची_बाटली

एका यंत्र बनवणाऱ्या कंपनीसाठी मी वापरपुस्तिका तयार केली. मांडणी आणि ४६ रेखाटनं. शेवटचं बिल एकूण मोबदल्याच्या ४० टक्क्यांचं. मुदत बिलाच्या तारखेपासून ३० दिवस, आणि ती मुदत संपून आज, १२ तारखेला, बरोबर ६० दिवस झाले.

आतापर्यंत दोन मेल गेले. पहिला मुदत उलटल्यावर चौथ्या दिवशी, दुसरा तेहतिसाव्या दिवशी. दुसऱ्याला उत्तर आलं: "हो, अकाउंट्सला पाठवलंय, बघतो." त्यानंतर सामसूम.

मी बसून पुढची चार पत्रं लिहून ठेवली. वाचून पाहिली तर पहिली तीन एकसारखीच, नुसते शब्द बदललेले. चौथं मात्र एकदम अंगावर येणारं. म्हणजे पायऱ्या नाहीतच, एक सपाट ओटा आणि मग कडा. पाण्यात किती उतरायचं आणि कधी, तेच कळत नाहीये. वर याच लोकांनी सुधारित आवृत्तीचं कामही दिलंय आणि ते निम्मं झालंय, त्यामुळे तोडून टाकायचं नाही.

माझा दुसरा मेल असा होता:

> नमस्कार सर, आशा आहे आपण मजेत असाल. एक छोटीशी आठवण करून द्यायची होती. मागच्या बिलाचं जमल्यास बघाल का? घाई नाही, पण या महिन्यात झालं तर बरं होईल. तसदीबद्दल क्षमस्व.

---

स्पष्टवक्ता

घाई नाही असं तुम्हीच लिहिलंत, मग त्यांनी घाई का करावी?

साठ दिवस म्हणजे पायऱ्या मोजायची वेळ गेली. वकिलाची नोटीस पाठवा, आठ दिवसांत पैसे येतात. माझा अनुभव आहे. गोड बोलून पैसे सुटत नाहीत.

---

उद्या_बघू

पुढच्या वेळी ५० टक्के आगाऊ घ्या आणि मूळ फाइल पैसे मिळाल्याशिवाय देऊ नका. हा प्रश्न मुळात उद्भवतच नाही.

---

शाईची_बाटली

@उद्या_बघू, मान्य. पण हे बिल मागच्या वेळचं आहे आणि फाइल छापून झाली आहे.

---

जमाखर्च

मी दहा-बारा वर्षं बिलं *देणाऱ्या* बाजूला बसले, आता *मागणाऱ्या* बाजूला आहे. म्हणून कडकपणाच्या आधी एक विचारते: तुमचं बिल आत्ता कुठे आहे, हे तुम्हाला माहीत आहे का?

"अकाउंट्सला पाठवलंय" हे ज्याने काम दिलं त्याचं वाक्य. त्याचा अर्थ बिल अकाउंट्सच्या नोंदीत चढलंय असा होत नाही. आमच्याकडे येणाऱ्या मेलमध्ये खरेदी-आदेशाचा क्रमांक नसला की ते बिल बाजूला पडायचं. कोणी मुद्दाम नाही, पण क्रमांकाशिवाय ते सिस्टिममध्ये घालताच येत नसे. बाहेरच्याला वाटायचं आपल्याला दोन महिने टोलवतायत, आणि आमच्या यादीत ते बिल जन्मालाच आलेलं नसायचं.

साठ दिवस थकलेलं बिल ढोबळमानाने चारपैकी एका ठिकाणी असतं. एक, नोंदच नाही. दोन, नोंद आहे पण कोणाची तरी मंजुरी अडली आहे. तीन, मंजूर आहे पण पैशांची चणचण आहे आणि तुम्ही यादीत खाली आहात. चार, कामाबद्दल तक्रार आहे आणि ती कोणी तोंडाने बोललेलं नाही. तुमचा आवाज किती चढवायचा ते यावर ठरतं. पहिल्या प्रकारात वकिलाची नोटीस पाठवली तर काय होतं, हे मी पाहिलंय. ती कायदा विभागाकडे जाते, ते अकाउंट्सला विचारतात, अकाउंट्स म्हणतं असं बिलच नाही, आणि जे काम दोन दिवसांत झालं असतं त्याची फाइल बनते. तिसऱ्या प्रकारात उलट. तिथे जो जास्त ठोस मागतो त्याचं आधी निघतं, मऊ राहिलात तर तळाला जाता.

बिलावर खरेदी-आदेशाचा क्रमांक आहे? आणि ते कोणाकोणाला पाठवलं होतंत?

---

शाईची_बाटली

आत्ता उघडून पाहिलं. क्रमांक नाही. फक्त ज्यांनी काम दिलं त्या प्रकल्पप्रमुखांनाच पाठवलं होतं. अकाउंट्समध्ये कोण आहे तेही मला ठाऊक नाही. (इथे मान खाली घातलेली बाहुली आहे असं समजा.)

---

जमाखर्च

मग आजचं पत्र कडक नको, टोकदार हवं. दोन्हींत फरक आहे. कडक म्हणजे समोरच्याला काय होईल ते सांगणं. टोकदार म्हणजे त्याला नेमकं एकच काम देणं, जे तो टाळूच शकत नाही. आज मी एवढंच विचारलं असतं:

> विषय: बिल क्र. १८, देय तारखेपासून ६० दिवस, नोंद झाली आहे का?
>
> नमस्कार. सोबत बिल क्र. १८ पुन्हा जोडलं आहे. यापूर्वी दोनदा लिहिलं होतं. हे बिल आपल्या अकाउंट्समध्ये नोंदलं गेलं आहे का, आणि नसल्यास काय कमी आहे, एवढं शुक्रवारपर्यंत कळवा. अकाउंट्समधल्या संबंधित व्यक्तीचं नाव आणि ईमेलही द्या. त्यांच्याशी मी थेट बोलेन.

पैसे मागितलेच नाहीत, पाहिलंत? माहिती मागितली, तारीख दिली. आणि उद्या सकाळी फोन. साठाव्या दिवशी नुसत्या मेलवर राहू नका. "नोंद आहे का" याचं उत्तर फोनवर मिनिटभरात मिळतं आणि ते देताना कोणाला कमीपणा वाटत नाही.

---

स्पष्टवक्ता

म्हणजे पुन्हा मुदतवाढच. साठ दिवस तेच चाललंय. चूक क्रमांकाची असेलही, पण दोन मेलना नीट उत्तर न देणं ही कोणाची चूक?

---

जमाखर्च

त्यांचीच. आणि तुमचं एक अगदी बरोबर आहे: मऊ पत्रांचा कोटा संपलाय. आजच्या पत्रानंतर पुन्हा "आठवण" हा शब्द येता कामा नये. फक्त आज नोटीस गेली तर तुमच्या हातातला सगळ्यात मोठा दगड तुम्ही अंधारात फेकलेला असेल.

---

काना_मात्रा

पैशातलं मला कळत नाही, पोटापाण्यासाठी दुसऱ्यांचं मराठी दुरुस्त करतो. पण धागाकर्त्याचा मेल वाचून राहवलं नाही.

पाच वाक्यांत स्वतःला लहान करायच्या चार जागा शोधल्यात: छोटीशी आठवण, जमल्यास, घाई नाही, क्षमस्व. यातला एकेक शब्द सभ्यतेचा वाटतो. सगळे मिळून मात्र असं म्हणतात की ही उसनवारी आहे आणि मागणारा लाजतोय. "जमल्यास" तर सगळ्यात घातक. तो शब्द आला की न देणारा खोटा ठरतच नाही, त्याला जमलं नाही एवढंच.

उलट टोकाचं मराठीही तितकंच निकामी असतं. "अन्यथा योग्य ती कारवाई करण्यात येईल." कोण करणार? कधी? कसली योग्य? हे वाक्य आपण आयुष्यभर पाट्यांवर वाचलंय आणि त्या कारवाया कधी झालेल्या पाहिल्या नाहीत, त्यामुळे वाचणाऱ्याच्या डोळ्यावरून ते घसरतं. त्यापेक्षा "२७ तारखेपासून मी सुधारित आवृत्तीचं काम थांबवतो आहे" हे वाक्य बघा. एकही जहाल शब्द नाही, पण कर्ता आहे, तारीख आहे, क्रियापद आहे.

माझ्या मते पायऱ्या विशेषणांनी चढत नाहीत, क्रियापदांनी चढतात. आधी "कळवा", मग "भरा", मग "मी थांबवतो आहे", शेवटी "मी सोपवतो आहे". पहिल्या दोनांत कर्ता ते, पुढच्या दोनांत तुम्ही. आणि "तुम्ही" लिहायचं की "आपण" ते एकदा ठरवून शेवटपर्यंत तसंच ठेवा. तिसऱ्या पत्रात अचानक "आपण"वरून "तुम्ही"वर आलात की तो राग म्हणूनच वाचला जातो.

---

जमाखर्च

ही क्रियापदांची शिडी मी चोरणार आहे.

---

पाटीपेन्सिल

थोडं विषयांतर, पण लागू आहे. मी शाळांसाठी साहित्य बनवते. एका ग्राहकाला लिहिलं होतं की सोमवारपर्यंत पैसे आले नाहीत तर काम थांबवेन. सोमवार गेला. मंगळवारी त्यांचा फोन आला, एक पान तातडीने हवंय. मी दिलं. नाही म्हणवेना, मुलांचं काम होतं.

त्यानंतर मी काहीही लिहिलं तरी फरक पडला नाही. पाच महिने लागले. पत्र कडक होतं, मीच कडक नव्हते.

दुसरी गंमत त्याच ग्राहकाची. बिलाचं सॉफ्टवेअर आपोआप आठवणी पाठवतं, ते मी चालू ठेवलं होतं. शेवटी त्यांनी पैसे भरले आणि दुसऱ्याच दिवशी सॉफ्टवेअरने त्यांना "अंतिम सूचना" धाडली, कारण मी जमा नोंदवायची विसरले होते. माफी मागायची पाळी माझ्यावर आली.

---

जमाखर्च

@पाटीपेन्सिल, हे खूप जणांचं होतं. कोणी "अमुक तारखेला देतो" म्हटलं की त्या क्षणी आपोआप जाणाऱ्या आठवणी बंद करायच्या. शब्द दिलेल्या माणसाला दोन दिवसांनी ठोकळेबाज आठवण गेली की त्याला वाटतं आपलं बोलणं कोणी ऐकलंच नाही. मग तोही तारखेला बांधील राहत नाही. साठ दिवसांपुढची पत्रं हातानेच लिहावीत.

---

शाईची_बाटली

*१३ तारीख.* फोन केला. जमाखर्च यांना साष्टांग नमस्कार. बिलाची नोंदच नव्हती! अकाउंट्समधल्या बाई अगदी नीट बोलल्या. खरेदी-आदेशाचा क्रमांक त्यांनीच शोधून दिला, म्हणाल्या सुधारून पाठवा. त्यांच्याकडे पैसे महिन्यातून दोनदा सुटतात, १० आणि २५ तारखेला. २५च्या यादीत यायचं तर २० पर्यंत प्रकल्पप्रमुखांची मंजुरी हवी.

आता काय लिहू? परत गोड?

---

जमाखर्च

गोडही नाही, कडकही नाही. फोनवर जे ठरलं ते कागदावर आणा, दोघांना एकत्र:

> फोनवर ठरल्याप्रमाणे क्रमांकासह सुधारित बिल जोडलं आहे. मूळ देय तारीख बदललेली नाही. आपली मंजुरी २० तारखेपर्यंत अकाउंट्सला मिळाली की रक्कम २५ तारखेच्या यादीत येईल, असं मला सांगण्यात आलं आहे. यात काही अडचण असेल तर २० च्या आधी कळवा.

"मूळ देय तारीख बदललेली नाही" हे वाक्य गाळू नका. सुधारित बिल म्हणजे नवीन बिल असं धरून घड्याळ पुन्हा शून्यावर नेणारे असतात. शिवाय तुमची पुढची मुदत नेहमी त्यांच्या यादीला धरून ठेवा. १८ तारखेपर्यंत भरा असं लिहिलंत तर ते व्हायचंच नाही. मग एक मुदत फुकट गेली, आणि फुकट गेलेल्या मुदतीनंतर पुढची कोणी वाचत नाही.

"अडचण असेल तर कळवा" हेही मुद्दाम आहे. कामाबद्दल तक्रार असली तर ती आत्ता बाहेर यावी. २५ नंतर आली तर ती सबब आहे हे सगळ्यांना दिसेल.

---

उद्या_बघू

बिल क्रमांकाशिवाय पाठवलं ही तुमची चूक, तर व्याज वगैरे मागू नका एवढं सुचवतो.

---

शाईची_बाटली

करारात दरमहा दीड टक्का आहे खरा. मी विसरूनच गेलो होतो.

---

स्पष्टवक्ता

मग लावा! तुमचीच अट, त्यांचीच सही. साठ दिवस म्हणजे तीन टक्के झाले.

---

जमाखर्च

लावायचं की नाही हे नंतर बघू. पण त्याचा उल्लेख आज नको. आज बिल पुढे सरकतंय. व्याजाचा आकडा दिसला की ते वेगळ्या मंजुरीला जातं आणि मूळ रक्कमही त्याच्यासोबत थांबते. ती पायरी तिसऱ्या पत्रात, २५ चुकली तर.

---

कायद्याची_वही

व्याजाबद्दल दोन ओळी. करारात असेल तर मागता येतं. नसेल तर नंतर स्वतःहून छापू नका. हक्क नसलेली एक गोष्ट मागितली की हक्काच्या बाकीच्या मागण्याही संशयाने वाचल्या जातात. आणि सोडणार असाल तर "या बिलापुरतं, अमुक तारखेपर्यंत पैसे आल्यास" असं लिहून सोडा. गप्प राहून सोडलंत तर पुढच्या वेळी ती अट तुम्हीच गंभीरपणे घेत नाही असा अर्थ निघतो.

नोटीस, मुदती, कुठे दाद मागायची, हे ठिकाणागणिक बदलतं. ते आपापल्या वकिलालाच विचारा, धाग्यावर नको.

---

शाईची_बाटली

*२६ तारीख.* पैसे आलेले नाहीत. मंजुरी २० ला गेली असं अकाउंट्सच्या बाई सांगतात. तरी यादीत नाव नव्हतं. "वरून थांबवलंय" एवढंच म्हणाल्या, आवाज बारीक करून.

आज ७४ वा दिवस. आता मात्र मला राग आलाय. मसुदा:

> वारंवार पाठपुरावा करूनही आपण दखल घेतलेली नाही, हे अत्यंत खेदजनक व अव्यावसायिक आहे. एका छोट्या कारागिराच्या कष्टाच्या पैशांशी असा खेळ...

---

काना_मात्रा

थांबा. "अत्यंत", "खेदजनक", "अव्यावसायिक", "खेळ". चारही विशेषणं-नामं तुमच्या मनाबद्दल सांगतात, बिलाबद्दल एकही नाही. हे पत्र वाचून त्यांनी नेमकं काय करायचं? वाईट वाटून घ्यायचं?

---

जमाखर्च

राग रास्त आहे, पण तो फोनवर मित्राकडे काढा.

आता चित्र बदललंय. मंजुरी आहे, नोंद आहे, तरी थांबवलंय. म्हणजे बिल माझ्या यादीतल्या तिसऱ्या किंवा चौथ्या ठिकाणी आहे. अकाउंट्सच्या बाईंना आता लिहून उपयोग नाही, त्यांच्या हातात काही नाही. आणि त्यांना कडक लिहिलंत तर आतली एकमेव खरं सांगणारी व्यक्ती गमवाल. आता पत्र "वर" जायला हवं, ज्याने थांबवलं त्याच्या नावाने. आणि इथे पहिल्यांदा परिणाम सांगायचा:

> विषय: बिल क्र. १८, ७४ दिवस थकीत, ३० तारखेपासून काम स्थगित
>
> नमस्कार. बिल क्र. १८ ला २० तारखेला मंजुरी मिळाली, पण २५ च्या यादीत ते आलं नाही. कामाविषयी कोणतीही हरकत मला आजपर्यंत कळवलेली नाही. पुस्तिका छपाईला पाठवत असल्याचा आपल्या विभागाचा मेल सोबत आहे.
>
> २९ तारखेपर्यंत रक्कम जमा करा, किंवा ती कोणत्या तारखेला जमा होईल ते लेखी कळवा. दोन्हींपैकी काही न झाल्यास ३० तारखेपासून मी सुधारित आवृत्तीचं काम थांबवतो आहे. रक्कम जमा झाल्यावर दोन कामकाजाच्या दिवसांत ते पुन्हा सुरू करेन.
>
> करारानुसार थकबाकीवर दरमहा दीड टक्का व्याज लागू आहे. २९ तारखेपर्यंत पूर्ण रक्कम आल्यास या बिलापुरतं मी ते आकारणार नाही.

यादीच्या तारखेबाहेर पैसे सोडता येतात, फक्त वरच्याची सही लागते. म्हणून २९. आणि "पुन्हा सुरू करेन" ही ओळ परतीची वाट आहे. धमकीत परतीची वाट नसेल तर समोरचा अडून बसतो.

पण करारात काम थांबवायची मुभा आहे का ते आधी बघा. नसेल तर मुदत चुकवल्याचा दोष तुमच्यावर येऊ शकतो. आणि पाटीपेन्सिल यांची गोष्ट आठवा. ३० ला खरंच थांबणार असाल तरच लिहा.

---

शाईची_बाटली

मुभा आहे, "देय रक्कम थकल्यास काम स्थगित ठेवता येईल" अशी ओळ आहे. थांबेन. एक शंका: प्रकल्पप्रमुखांना डावलून थेट वर लिहिलं तर ते दुखावतील. पुढचं कामही तेच देतात.

---

जमाखर्च

डावलू नका, आधी सांगा. पत्र जाण्यापूर्वी फोन: "हे तुमच्याकडून अडलेलं नाही हे मला माहीत आहे, म्हणून वर लिहितोय, प्रत तुम्हाला आहे." बहुतेक वेळा त्यांनाही ते हवंच असतं. आतून भांडण्यापेक्षा बाहेरचं पत्र दाखवणं सोपं.

---

पाटीपेन्सिल

मला हे पटत नाही. मी एकदा वर लिहिलं आणि पैसे आले, पण त्या बाईंनी पुन्हा कधी काम दिलं नाही. आधी फोनही केला होता.

---

जमाखर्च

तेही होतं. त्याची हमी मी देणार नाही.

---

तिरकस

एकीकडे पैसे थांबलेत आणि दुसरीकडे तुम्ही अजून त्यांचं नवीन काम करताय. माझ्या वाण्याला कळलं तर तो मला उधारी बंद करेल, तुम्हाला नाही.

---

शाईची_बाटली

*२९ तारीख, संध्याकाळ.* घडामोड. रकमेचे ६० टक्के जमा झाले. सोबत वरिष्ठांचा मेल: "४६ पैकी १२ रेखाटनांत त्रुटी आहेत. उर्वरित रक्कम यथावकाश. या भरण्याने विषय संपला असं समजावं."

बारा रेखाटनांबद्दल मी आज पहिल्यांदा ऐकतोय. आणि उर्वरित यथावकाश की विषय संपला, हेही कळत नाही.

---

स्पष्टवक्ता

४६ पैकी १२ म्हणजे २६ टक्के. अडवले ४० टक्के. शिवाय बिल नुसत्या रेखाटनांचं नाही, मांडणीचंही आहे. त्यांचा हिशोब त्यांच्याच आकड्यांवर बसत नाही, हे लिहा. नोटिशीपेक्षा हेच जास्त झोंबेल.

---

कायद्याची_वही

आजच्या आज उत्तर द्या, लेखी. "मिळालेली रक्कम बिल क्र. १८ पोटी अंशतः जमा धरली आहे. उर्वरित ४० टक्के देय आहेत." "विषय संपला" अशा शेऱ्यासह आलेले पैसे गुपचूप ठेवून घेतले की काही ठिकाणी ते पूर्ण फेड म्हणून मांडता येतं.

---

जमाखर्च

स्पष्टवक्ता, आकडा छान पकडलात.

आता पुन्हा आवाज बदलायचा, आणि तो सगळ्या रकमेसाठी एकच ठेवायचा नाही. तक्रार आली म्हणजे त्या तक्रारीपुरतं तुम्ही खालच्या पायरीवर आलात, आवडो न आवडो. तक्रार खोटी वाटली तरी ती न ऐकता अंतिम इशारा दिलात तर उद्या तिसरं कोणी बघेल तेव्हा ते म्हणतील, आम्ही दोष दाखवले, यांनी ऐकलंच नाही. म्हणून १२ रेखाटनांबद्दल परत "कळवा": कोणती, काय चुकलं, पाच दिवसांत. उरलेल्या वादाबाहेरच्या भागाबद्दल मात्र "भरा", येत्या १० तारखेच्या यादीत. छपाईचा मेल पुन्हा जोडा. कामं मंजूर करून छापल्यावर दोन महिन्यांनी दोष सापडले, यावर एक शब्दही टीका करू नका. तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की ते आपोआप दिसतं.

---

उद्या_बघू

आणि काम? उद्या ३० आहे. थांबवायचं की नाही? पत्रात पूर्ण रक्कम म्हटलं होतं, पण ६० टक्के आलेत.

---

स्पष्टवक्ता

थांबवायचं. शब्द म्हणजे शब्द.

---

जमाखर्च

इथे मी ठाम नाही. थांबवलंत तर शब्द पाळला जाईल, पण ते म्हणतील की पैसे दिले तरी अडवतात. चालू ठेवलंत तर २९ तारीख पोकळ होती असं ठरेल. मी असते तर थांबवलं असतं आणि लिहिलं असतं की वादाबाहेरचा भाग १० ला आला तर ११ ला सुरू, १२ रेखाटनांचा निकाल लागेपर्यंत थांबणार नाही. पण सुधारित आवृत्तीची घाई त्यांना किती आहे हे तुम्हालाच माहीत.

---

शाईची_बाटली

घाई आहे, त्यांचं प्रदर्शन जवळ आलंय. व्याजाचं मी आज काही लिहिलं नाही. सूट पूर्ण रकमेसाठी होती आणि पूर्ण आलेली नाही, तर ते परत लागू झालं का यावर अजून विचार करतोय.

अंशतः जमा धरल्याचा मेल गेला. काम उद्यापासून थांबवत असल्याचा वेगळा मेल गेला, तीन ओळींचा, एकही विशेषण नाही (काना_मात्रा, तपासून घ्या). प्रकल्पप्रमुखांचा लगेच फोन आला, दहा मिनिटं बोलले. चिडलेले नव्हते. बारापैकी सात रेखाटनांत त्यांनीच नंतर यंत्राचा भाग बदलला होता, असं त्यांच्या बोलण्यात आलं. म्हटलं, एवढं मला लिहून द्या. म्हणाले, बघतो.

---

काना_मात्रा

"बघतो" कशाला मान्य केलंत? तारीख?

---

शाईची_बाटली

सोमवार, साडेदहा. मीच फोन करणार आहे, रेखाटनांची यादी समोर ठेवून.